तुमच्या ओळखीचे किती?

सुईने नशा करणाऱ्यांची यादी कुठेच नसते. त्यामुळे चिठ्ठ्या टाकून त्यांतले नमुने निवडता येत नाहीत. त्यांच्यात एचआयव्हीचं प्रमाण किती, हे शोधायचं तर त्यांच्या ओळखींच्या वाटेनेच जावं लागतं. डग्लस हेकथॉर्न यांनी 1997 मध्ये मांडलेली पद्धत आम्ही वापरतो. सुरुवातीच्या मोजक्या माणसांना प्रत्येकी तीन कुपनं द्यायची. ती घेऊन येणाऱ्यांची मुलाखत आणि रक्ततपासणी झाली की त्यांनाही तीन कुपनं. येण्याचा मोबदला वेगळा, आणलेल्या माणसामागे वेगळा. कुपनावर नाव नाही, फक्त क्रमांक. त्यावरून साखळी जुळते.

यात एक तिरपेपणा आहे. ज्याच्या ओळखी जास्त, त्याच्यापर्यंत कुपन पोचण्याची शक्यताही जास्त. म्हणून मोजताना प्रत्येकाला त्याच्या ओळखींच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात वजन देतात. समजा, दहा जण आले. पाच बाधित, प्रत्येकाच्या ओळखी वीस. पाच बाधा नसलेले, प्रत्येकाच्या ओळखी पाच. सरळ मोजलं तर प्रमाण 50 टक्के. वजन लावलं की बाधितांची बेरीज पाच विसांश, म्हणजे 0.25 आणि उरलेल्यांची पाच पंचमांश, म्हणजे 1. एकूण 1.25 पैकी 0.25, म्हणजे 20 टक्के.

म्हणजे सगळी भिस्त एका प्रश्नावर. एकदा एका दादांना विचारलं, सुईने नशा करणारे तुमच्या ओळखीचे किती? ते म्हणाले, ‘‘असतील पन्नास.’’ आमच्या ताईंनी तो आकडा लिहिला नाही. ‘‘नावाने ओळखता आणि तेही तुम्हाला ओळखतात, असे किती?’’ पंचवीस. ‘‘त्यांतले याच शहरात राहणारे?’’ सतरा. ‘‘सहा महिन्यांत भेटलेले?’’ दादा बोटांवर मोजू लागले, मध्येच थांबले. ‘‘दोघं वारले ना.’’ मग म्हणाले, ‘‘आठ.’’ पन्नासऐवजी आठ लिहिल्याने त्यांचं वजन सहापटीहून जास्त झालं. म्हणून तक्त्यात दहा, वीस, पन्नास असे गोल आकडेच दाटीने दिसू लागले, की मी मुलाखती पुन्हा तपासायला बसते. कुणी ‘‘शून्य’’ सांगितलं, तर कुपन कुणी दिलं हे विचारते. ‘‘अनोळखी माणसाने’’ असं उत्तर वारंवार येऊ लागलं, तर कुपनं विकली जात असावीत.

वजनाने न सुटणारी गोष्टही आहे. एकाच वस्तीतल्या साखळ्या तिथेच घोटाळत राहिल्या, तर दुसऱ्या वस्तीतली माणसं नमुन्यात येतच नाहीत, आणि न आलेल्याला वजन कसलं देणार? म्हणून काम चालू असतानाच सुरुवातीच्या प्रत्येक माणसाच्या साखळीच्या अंदाजाची वेगळी रेषा आखते. नमुना वाढेल तशा त्या रेषा एकमेकींजवळ यायला हव्यात. गेल्या वेळी एक रेषा शेवटपर्यंत दूर राहिली. ती साखळी बायकांची होती. त्यांची कुपनं पुरुषांपर्यंत जात नव्हती आणि पुरुषांची त्यांच्यापर्यंत येत नव्हती. दोन्ही मिळून एक आकडा काढता आला असता. मी तो काढला नाही. अहवालात दोन ओळी लिहिल्या, पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी.