'उद्या' कधीचा उद्या? सोसायटीच्या पाण्याच्या नोटिशीची गोष्ट

मी मूळचा वैशाखऱ्याचा, राहायला कल्याणला. ३२ घरांच्या सोसायटीत कमिटीवर आहे. गावाकडच्या मंडळींना गंमत वाटेल, पण गेल्या महिन्यात मला घाम फुटला तो एका नोटिशीनं.

झालं असं की पाइपलाइनच्या कामासाठी २४ तास पाणी बंद राहणार, असं पत्र आलं. आमच्या सेक्रेटरींनी लेटरहेडवर लिहिलं: 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, जलवाहिनी दुरुस्तीच्या कामास्तव उद्या ००.०० वाजल्यापासून पाणीपुरवठा खंडित राहणार असून तद्नंतर कमी दाबाने होईल. सबब पाण्याचा अपव्यय टाळावा. अन्यथा दंडात्मक कारवाई करण्यात येईल.' त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. फोटोत काय लिहिलंय हे उघडल्याशिवाय दिसत नाही, म्हणून अर्ध्या लोकांनी उघडलाच नाही. ज्यांनी उघडला त्यांनी '००.००' म्हणजे शुक्रवारची रात्र समजून गुरुवारी काहीच भरलं नाही. चौथ्या मजल्यावरच्या आजी शुक्रवारी सकाळी रिकामी बादली घेऊन जिन्यात उभ्या. आणि एका घरात नळ उघडाच राहिला होता. पाणी आलं पहाटे, घरातले गावाला गेलेले. वरची टाकी सकाळपर्यंत मोरीत गेली.

दुसऱ्या शटडाऊनच्या वेळी लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आधी हिशोब केला, कारण तोच माहीत नसेल तर लिहिणार काय? शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. आमची माणसं सव्वाशेच्या आसपास, म्हणजे दिवसाला सतरा हजार लिटर. गुरुवारी रात्री खालच्या आणि वरच्या टाकीत मिळून पंचवीस हजार असतं. बंद २४ तासांचा, पण पाइप भरून दाब यायला शनिवारची दुपार होते. दीड दिवस नेहमीसारखं वापरलं तर टाकी तळाला जाणार. म्हणून नळ दिवसभर चालू न ठेवता ठरलेल्या वेळी सोडायचा, हे ठरलं.

मग मला गावातला पाणी सोडणारा आठवला. लाईट गेली की तो आळीत ओरडत जायचा, "उद्या पाणी नाय हो, आजच भरून घ्या!" कारण नाही, दंड नाही, आणि चुकून कोणी राहिलं असं होत नसे. एवढंच की त्याचा 'उद्या' त्याच दिवसापुरता होता. ग्रुपवरचा 'उद्या' फॉरवर्ड होत पुढच्या आठवड्यात फिरतो आणि पुन्हा घबराट करतो. म्हणून वार आणि तारीख दोन्ही हवं. आणि रात्री बाराची भानगडच नको, सरळ वार सांगायचा.

शेवटी हे टाकलं:

'शुक्रवार ९ मे, दिवसभर पाणी येणार नाही. गुरुवार ८ मे रात्री १० पर्यंत पाणी भरून ठेवा.

नमस्कार मंडळी. पाइपलाइनचं काम असल्यामुळे बाहेरून पाणी बंद आहे. आपल्या टाकीतलं पाणी शुक्रवारी सकाळी ६ ते ८ आणि संध्याकाळी ६ ते ७ सोडू. शनिवारी सकाळीही ६ ते ८. दुपारनंतर नेहमीसारखं.

घराबाहेर पडताना सगळे नळ बंद आहेत ना, एकदा बघा. नळाला पाणी नसताना गिझर लावू नका. शनिवारचं पहिलं पाणी गढूळ असेल, ते पिऊ नका, फरशीला किंवा संडासला वापरा.

कुणाकडे लहान बाळ, आजारी माणूस असेल तर आज वॉचमनला सांगून ठेवा, दोन हंडे बाजूला ठेवू. वेळ बदलली तर याच ग्रुपवर नव्या मेसेजमध्ये सांगू.'

पहिल्या ओळीवर मी बराच वेळ बसलो होतो. मोबाइलवर मेसेज येतो तेव्हा वर तेवढीच दिसते, बाकीचं दाबल्याशिवाय उघडत नाही. तिथं 'नमस्कार' आधी ठेवला असता तर वार आणि तारीख आत दडली असती. दंडाचं वाक्य सेक्रेटरींना हवंच होतं. मी म्हटलं, "दादा, दंड वसूल कोण करणार?" ते हसले आणि ओळ गेली. तरी एक चूक राहिलीच. 'पाणी भरून ठेवा' वाचून सगळ्यांनी गुरुवारी नऊ वाजता एकदम ड्रम लावले आणि वरची टाकी साडेनऊलाच आटली, मोटर पुन्हा चालवावी लागली. पुढच्या वेळी 'पिण्याचं आणि दोन बादल्या' असा नेमका आकडा घालणार आहे.

चौथ्या मजल्यावरच्या आजींचे दोन हंडे मात्र शुक्रवारी सकाळी जिन्याखाली तयार होते. आईला फोनवर हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "अरे, टाकीवर टाकी असून तुमचं असं? आमच्या इथं मे महिन्यात टँकर कधी येतो ते तरी लिही एकदा."