अक्कलदाढ, १५ गोळ्या आणि रविवारची पार्टी

सोमवारी सकाळी ब्रश करायला गेलो तर तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना. उजवीकडे, अगदी मागे, अर्धवट वर आलेल्या अक्कलदाढेभोवतीची हिरडी टम्म सुजली होती आणि गिळतानाही कळ येत होती. दातांच्या डॉक्टरांनी आरसा आत घालून बघितलं आणि समजावून सांगितलं की दाढेवर हिरडीची एक पापडी राहिली आहे, तिच्याखाली अन्न अडकतं आणि तिथे जंतू वाढतात. त्यांनी त्या पापडीखाली पिचकारीने धुऊन काढलं आणि चिठ्ठी लिहिली. मला पेनिसिलिनची अॅलर्जी आहे, म्हणून अँटिबायोटिक एकच होतं, मेट्रोनिडॅझोल ४०० मिलिग्रॅम. पुढे १-१-१, जेवणानंतर, ५ दिवस. हे नाव मी आजवर फक्त जुलाबाच्या संदर्भात ऐकलं होतं, त्यामुळे दाढेला पोटाचं औषध कशाला, हा माझा पहिला प्रश्न.

डॉक्टर म्हणाल्या, "अहो, हे औषध हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंवर चालतं. तुमच्या हिरडीच्या पापडीखाली हवा पोचत नाही, तिथे तेच असतात." असे जंतू औषध आत घेतात, त्यांच्या पेशीत त्याचं रूप बदलतं आणि ते त्यांच्या डीएनएची मोडतोड करतं. हवेवर जगणाऱ्या पेशींमध्ये हा बदल तसा होत नाही. अमिबासारखे आतड्यातले जीवही प्राणवायूशिवाय जगतात, म्हणून जुलाबालाही तेच औषध. हिरडीवरचा उपयोग तर योगायोगाने सापडला. १९६२ साली ब्रिटनमध्ये एक बाई ट्रायकोमोनास नावाच्या वेगळ्याच संसर्गासाठी हे औषध घेत होत्या आणि त्यांच्या हिरड्यांचा त्रासही त्याबरोबर बरा झाला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या दंतवैद्यांनी ते टिपून ठेवलं. माझी गोळी थेट त्या निरीक्षणातून आलेली होती, हे कळल्यावर ती मला परकी वाटेनाशी झाली.

खाली मेडिकलमध्ये ताईंनी दहाची एक पूर्ण पट्टी दिली आणि दुसऱ्या पट्टीतून पाच गोळ्या कात्रीने कापून दिल्या. कापलेल्या तुकड्यावर औषधाचं अर्धंच नाव उरलं होतं आणि मुदतीची तारीख दुकानातच राहिलेल्या तुकड्यावर होती. मी विचारल्यावर त्यांनी ती तारीख पाकिटावर पेनाने लिहून दिली. मग मी पुढचं विचारलं, "१-१-१ म्हणजे सकाळ-दुपार-रात्र, एवढंच ना?" त्या म्हणाल्या, "जेवणाच्या वेळा काय तुमच्या?" सकाळी आठला नाश्ता, दुपारी दोनला डबा, रात्री नऊला जेवण, असं मी सांगितलं. त्यांनी बोटं मोजली. आठ ते दोन सहा तास, दोन ते नऊ सात तास आणि रात्री नऊ ते सकाळी आठ अकरा तास. तीन गोळ्या झाल्या खऱ्या, पण दिवसाचे तीन सारखे भाग झाले नव्हते.

या औषधाचं रक्तातलं प्रमाण साधारण आठ तासांत निम्म्यावर येतं. निम्मं उरलेलं असतानाच पुढची गोळी पोटात गेली की पातळी फार खाली जात नाही आणि जंतूंना डोकं वर काढायला फुरसत मिळत नाही. अकरा तासांच्या रात्रीने मोठं नुकसान होतं असं नाही, पण जमेल तेवढं सारखं अंतर ठेवलेलं बरं, असं ताईंचं म्हणणं. आम्ही मिळून वेळा ठरवल्या त्या सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री अकरा. जेवणानंतर म्हणजे ताटभर जेवणच हवं असं नाही. काहीतरी पोटात असलं की मळमळ कमी होते. म्हणून सातला चहा-पोळी, तीनला उशिरा उघडलेला डबा आणि अकराला दूध-पोळी. गोळी चावायची नाही, भरपूर पाण्याबरोबर अख्खी गिळायची. वेळ चुकली तर काय, हेही विचारून घेतलं. आठवेल तेव्हा लगेच घ्यायची. पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्यायची आणि दोन गोळ्या एकदम कधीच घ्यायच्या नाहीत. बुधवारी एक मीटिंग लांबली तेव्हा तीनची गोळी पावणेपाचला घेतली आणि अकराची अकरालाच ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून तोंडात तांब्याचा पैसा ठेवल्यासारखी चव यायला लागली. चहाला ती, वरणाला ती, रात्री पाणी प्यायलो तरी ती. लघवीही नेहमीपेक्षा गडद, तपकिरी झाकेची दिसली तेव्हा मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. दोन्ही या औषधाने होतं आणि कोर्स संपल्यावर जातं, असं त्यांनी सांगितलं. मात्र हातापायांना मुंग्या येणं किंवा बधिरपणा, चालताना तोल जाणं, अंगावर पुरळ, यांतलं काही झालं तर गोळी थांबवून लगेच कळवायचं. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "दारूचं सांगितलं होतं ना मी?" सांगितलं होतं. कोर्स चालू असेपर्यंत नाही आणि नंतरही तीन दिवस नाही. तोवर मी ते पथ्याच्या यादीतलं नेहमीचं वाक्य समजून ऐकलं होतं.

आमच्या ऑफिसमधल्या एका मित्राची निरोपाची पार्टी रविवारी होती. म्हणून या वेळी नीट विचारलं. दारू पोटात गेली की यकृत तिचं आधी अॅसिटाल्डिहाइड नावाच्या त्रासदायक पदार्थात रूपांतर करतं आणि मग त्याचा निचरा करतं. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम नावाची गोळी देतात, ती हा दुसरा टप्पाच अडवते. मग एका पेगमध्येही चेहरा आणि छाती लालबुंद होते, डोकं ठणकतं, छातीत धडधडतं, उलट्या होतात. मेट्रोनिडॅझोलवर दारू घेतलेल्या काही रुग्णांनाही असाच त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. श्वास लागला, छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपायला लागली तर दवाखाना गाठावाच लागतो. आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी जोर देऊन सांगितली. जो डायसल्फिराम घेतो आहे किंवा ज्याने ते गेल्या दोन आठवड्यांत घेतलं आहे, त्याला मेट्रोनिडॅझोल द्यायचं नसतं, कारण दोन्ही मिळून मनाचा तोल बिघडू शकतो. घरात कुणी व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल तर डॉक्टरांपासून हे लपवू नये.

वाचायला बसलो तेव्हा दुसरी बाजूही सापडली. फिनलंडमधल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात निरोगी पुरुषांना मेट्रोनिडॅझोलवर दारू दिली, तर त्यांच्या रक्तात अॅसिटाल्डिहाइड वाढलं नाही आणि त्रासही दिसला नाही. म्हणजे हे प्रत्येकाला होतंच असं नाही आणि कसं होतं यावरही एकमत नाही. मी हे डॉक्टरांना सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. "बरोबर आहे," म्हणाल्या, "पण कुणाला होईल हे आधी ओळखता येत नाही, आणि ज्याला होतं त्याला फार होतं. तीन दिवस न पिण्याने तुमचं काय जातंय?" मला हे पटलं, आणि अजूनही पटतं.

ब्रिटनमध्ये कोर्सनंतर दोन दिवस थांबायला सांगतात, अमेरिकेतल्या माहितीपत्रकात किमान तीन दिवस आहेत. दोन्हींमागचा हिशेब आठ तासांच्या त्या निम्मे होण्यातूनच उलगडतो. शेवटच्या गोळीनंतर एका दिवसात औषध तीनदा निम्मं होतं, म्हणजे आठवा हिस्सा उरतो. दोन दिवसांनी चौसष्टावा, तीन दिवसांनी पाचशेबारावा. यकृताचा आजार असेल तर निचरा सावकाश होतो, तिथे हा हिशेब धरायचा नाही.

मग मी गोळ्या मोजल्या. पाच दिवसांचा कोर्स सोमवारी सुरू झाला म्हणजे शुक्रवारी संपणार, असं मी धरून चाललो होतो. पण पहिली गोळी सोमवारी दुपारी तीनला घेतली होती. सोमवारच्या दोन, मंगळवार ते शुक्रवार रोज तीन म्हणजे बारा. झाल्या चौदा. पंधरावी शनिवारी सकाळी सातला. तिथून तीन दिवस, म्हणजे मंगळवारी सकाळी सात. दिवस मोजायचे ते चिठ्ठीवरच्या आकड्यावरून नाही, शेवटच्या गोळीच्या तासापासून. रविवार त्या हद्दीच्या बराच आत होता.

गुरुवारी आत्या आली. माझं जेवण कमी झालेलं पाहून तिने पिशवीतून द्राक्षासवाची बाटली काढली. "दोन चमचे घे रे, भूक लागेल." बाटली फिरवून पाहिली तर लेबलवर बारीक अक्षरांत स्वयंजनित मद्यार्काचं प्रमाण छापलेलं होतं. आसवं आणि अरिष्टं करताना काढ्यात किंवा रसात गूळ आणि धायटीची फुलं घालून ते बंद भांड्यात आंबवत ठेवतात. त्यात मद्यार्क आपोआप तयार होतो, १२ टक्क्यांपर्यंतही. दोन चमच्यांत तो थोडाच जातो, पण पथ्य पाळायचं तर बाटलीवर दारू लिहिलेलं नाही म्हणून ही वाट मोकळी सोडण्यात अर्थ नव्हता. आत्याला वाईट वाटलं नाही. "दशमूलारिष्टाचंही तसंच का?" तिने विचारलं आणि स्वतःच्या गुडघ्यांच्या औषधाचं लेबल वाचायला चष्मा मागितला. त्याच संध्याकाळी मी घरातलं खोकल्याचं औषध आणि माउथवॉश पाहिला. दोन्हींत अल्कोहोल होतं. गुळण्या कोमट मिठाच्या पाण्याच्याच चालू ठेवल्या.

त्याच दिवशी सूज जवळजवळ उतरली, तोंड तीन बोटं उघडायला लागलं. शेवटच्या गोळ्या नकोशा वाटत होत्या, कारण त्यांच्याबरोबर ती चवही येत होती. पण पापडीखालचे जंतू दिसत नाहीत आणि कोर्स किती दिवसांचा, हे दुखणं थांबण्यावरून ठरलेलं नव्हतं. शनिवारी सकाळी सातला पंधरावी घेतली.

रविवारी पार्टीत मी कोकम सरबत घेतलं आणि का, ते कुणी विचारलं म्हणून सांगितलं. समोर बसलेल्या मित्राने बिअरचा ग्लास उचलता उचलता थांबवला. त्याला सकाळी जुलाब होत होते म्हणून त्याने डॉक्टरांना न विचारताच मेडिकलमधून गोळी आणून नऊला घेतली होती. उरलेली पट्टी त्याच्या पाकिटात होती. मागचं बारीक अक्षर मोबाइलच्या उजेडात वाचलं, नॉरफ्लॉक्सासिन आणि टिनिडॅझोल. टिनिडॅझोल हे मेट्रोनिडॅझोलचंच भावंड आहे आणि त्याच्यानंतरही तीन दिवसांचं पथ्य सांगतात. रात्रीची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करायचा, असं त्याने ठरवलं. मग त्याने विचारलं, "सकाळच्या एकाच गोळीवर थांबलो, तर कधीपर्यंत?" आम्ही तिथेच मोजलं. बुधवारी सकाळी नऊपर्यंत.