शेक चालू असताना डोक्याला पाणी

आमच्या अम्मीच्या मेंदूच्या आवरणाला गाठ होती. ऑपरेशनमध्ये तिचा थोडा भाग काढता आला नाही, म्हणून डॉक्टरांनी रेडिएशन सांगितले : आठवड्यातून पाच दिवस, एकूण 30 वेळा. आम्ही दोघी बहिणी आणि भाभी आळीपाळीने अम्मीबरोबर जात असू. घरी भेटायला येणाऱ्या बायका मात्र एकच गोष्ट सांगत, "शेक चालू आहे तोवर डोक्याला पाणी लावू देऊ नका." अम्मीच्या मनात तेच बसले. वुजू करताना ती डोक्याचा मसहसुद्धा भीतभीत करू लागली आणि गुस्लच्या विचाराने रडकुंडीला येई.

शेवटी आम्ही विभागातल्या नर्सबाईंना विचारले. त्यांनी समजावले, की पूर्वी किरणांच्या खुणा कातडीवरच काढत, त्या पुसू नयेत म्हणून पाणी टाळायला सांगत. आता डोक्यासाठी जाळीदार प्लास्टिकचा मुखवटा बनवतात आणि खुणा बहुधा त्या मुखवट्यावर असतात. पाण्याने किरणांचा त्रास वाढत नाही. कातडीला त्रास होतो तो घासण्याने, गरम पाण्याने आणि कडक साबणाने. ओल्या हाताचा मसह तर अगदीच हलका. ज्यांच्या कातडीवर खुणा आहेत, त्यांनी तेवढ्या मात्र जपाव्यात.

त्यानंतर अम्मीचे डोके धुण्याची पद्धत ठरून गेली. ऑपरेशनची जखम पूर्ण भरलेली होती, म्हणून एक दिवसाआड धुण्याची परवानगी मिळाली. कोमट पाणी, लहान मुलांचा बिनवासाचा शाम्पू अगदी थोडा, तोही आधी तळहातावर पाण्यात कालवून घेतलेला. नखे न लावता बोटांच्या पेरांनी हलके फिरवायचे, भरपूर पाणी ओतायचे आणि मऊ सुती कापडाने टिपून घ्यायचे. ड्रायर बंद. तेल, मेंदी आणि केसांचा रंगही बंद. कातडी कोरडी पडली तर दवाखान्यातून सांगितलेले साधे मलम पातळ लावायचे. शेकाला जाण्याआधी त्याचा जाड थर नको. ओढणी सुती घ्यायची, आणि टाचणी लावायची नाही.

तिसऱ्या आठवड्यात केस जाऊ लागले. उशीवर, कंगव्यात, धुताना हातात झुपकेच्या झुपके. अम्मीला वाटले, धुण्यामुळेच जातात. खरे तर किरणांनी मुळाशी केसाची वाढ थांबते आणि सुटलेला केस आज ना उद्या पडतोच. धुताना तो फक्त दिसतो. केस सगळ्या डोक्यावरून गेले नाहीत. गाठ उजव्या बाजूला होती, तिथे कानावर एक पट्टा मोकळा झाला, पण डाव्या बाजूलाही रुपयाएवढा ठिपका पडला. तो पाहून आम्ही घाबरलो. डॉक्टर म्हणाले, किरण एका बाजूने शिरून दुसरीकडून बाहेर पडतात, म्हणून तिथलेही केस जातात. उरलेले केस आम्ही मशीनने बारीक केले, वस्तरा लावला नाही. केस कमी झाल्यावर मुखवटा सैल वाटू लागला, तेही तिथल्या टेक्निशियनला लगेच सांगितले, कारण डोके आत हलता कामा नये.

शेवटचा शेक झाला आणि घरात सगळ्यांनी शुक्र अदा केला. पण कातडीचा त्रास त्यानंतरच्या आठवड्यात सर्वांत जास्त झाला. शेक संपला तरी त्याचा परिणाम आठ-दहा दिवस वाढू शकतो. कानामागच्या घडीत कातडी लाल होऊन सुटली आणि ओली झाली. कातडी ओली होणे, पिवळा स्राव, वास, वाढते दुखणे किंवा ताप यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय न करता विभागात दाखवायचे, हे आधीच सांगितलेले होते. त्यांनी तिथे न चिकटणारी पट्टी लावून दिली आणि दोन आठवड्यांत जागा सुकली.

केसांची वाट मात्र बराच काळ पाहावी लागली. चौथ्या महिन्यात डाव्या ठिपक्यावर मऊ लव आली, मग उजवीकडे कडेकडेने. नवे केस आधीपेक्षा बारीक, थोडे कुरळे आणि पांढरे होते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे वर्ष झाले तेव्हा ते कानापर्यंतही आले नव्हते. जिथे कातडीला किरणांची मात्रा जास्त मिळाली, त्या कानावरच्या पट्ट्यात ते विरळच राहिले. तिथे मुळेच कायमची गेली असावीत, असे डॉक्टरांनी सांगितले आणि तेलाने किंवा औषधाने ती परत येतील, अशी आशा दाखवली नाही. अम्मी आता भांग डावीकडे पाडते, केस उजवीकडे वळवते, आणि उन्हात निघताना तो पट्टा ओढणीने झाकते, कारण तिथली कातडी अजून लवकर भाजते.