मामीचा प्रश्न आणि माईकची कुई

आमच्या गावच्या समाजमंदिरात ग्रामसभा भरली होती. तेंदूचा हंगाम तोंडावर आलेला. दर काय ठरवायचा, फळीवर कोण बसणार, मागच्या सालचा हिशोब कसा झाला, असे विषय होते. बायाही बऱ्याच आल्या होत्या. अ‍ॅम्प्लिफायरजवळ मला बसवलं होतं. गणपतीत आणि भजनाच्या मंडळात मी बटणं फिरवत आलो, म्हणून ते काम आपसूक माझ्याकडे आलं होतं. दहावी शिकलेला माणूस, त्यात हातात बटण, म्हणजे गावात इंजिनेरच!

आमच्या नात्यातल्या एक मामी आहेत. उभा जन्म तेंदू तोडण्यात गेला. मागच्या हंगामात फळीवर त्यांचे बरेच पुडे 'पान लहान आहे' म्हणून बाजूला काढले होते. पण ते टाकून दिले नव्हते, पोत्यात भरून गेले, असं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पैसे मात्र मिळाले नाहीत. हे त्यांना सभेत विचारायचं होतं. घरी दहा वेळा म्हणून पाहिलं असेल.

पोरानं माईक नेऊन दिला. मामी बॉक्ससमोर चार फुटांवर उभ्या राहिल्या आणि लोकांकडे तोंड केलं. माईक दोन्ही हातांनी छातीशी धरला, दिवा धरतात तसा. आवाज आधीच बारीक, त्यात घाबरलेल्या. मागून कोणी ओरडलं, "आयकू येत नाही!" मी बटण वाढवलं. "माह्ये पुडे..." एवढं त्या बोलल्या आणि जी कुईंऽऽ सुरू झाली, ती कानात सुई घातल्यासारखी. पोरं हसली. मामीनं घाबरून जाळी मुठीत दाबली, तर कुई आणखी वाढली. मी बटण खाली आणलं, तर परत काही ऐकू येईना. पुन्हा वाढवलं, पुन्हा कुई. शेवटी मामी माईक खाली ठेवून बसल्या. पुढचा विषय सुरू झाला. त्यांचा प्रश्न कागदावर आलाच नाही, कारण तो कोणाला ऐकूच गेला नव्हता.

घरी जाताना म्हणाल्या, "बाबू, मशीनलेच माह्या आवाज नाही आवडला."

ते वाक्य मला झोंबलं. दोष मशीनचा नव्हता, मामीचाही नव्हता. बटण माझ्या हातात होतं.

मंडईच्या नाटकाला डेकोरेशन आणि साउंड आणणारा एक पोरगा आमच्या ओळखीचा आहे. शाळा माझ्यापेक्षा कमी, पण हात पक्का. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काका, तुम्ही सावकारासारखं व्याज लावलं." मग त्यानं समजावलं, ते असं.

माणूस बोलतो ते माईकमध्ये जातं, अ‍ॅम्प्लिफायर ते मोठं करतो, बॉक्स ते बाहेर फेकतो. पण बॉक्समधून निघालेला आवाज फक्त लोकांकडे जात नाही, थोडा परत माईकमध्येही शिरतो. तो पुन्हा मोठा होतो, पुन्हा बाहेर येतो, पुन्हा शिरतो. ही फेरी चालूच असते. माईकमध्ये रुपयाएवढा आवाज गेला आणि फिरून आठ आणे परत आला, तर पुढच्या फेरीला चार आणे, मग दोन, आणि विषय संपला. पण रुपयाला रुपया आणि वर काही परत येऊ लागला, की चक्रवाढ सुरू होते. आवाज सेकंदाला साधारण ११०० फूट जातो. चार फुटांवरच्या बॉक्सपासून माईकपर्यंत तो सेकंदाला अडीचशेच्या वर फेऱ्या मारतो. प्रत्येक फेरीला शेकडा दोन जरी वाढला, तरी सेकंदभरात दोनशेपट होतो. म्हणून कुई हळूहळू येत नाही, एकदम अंगावर येते. मग त्याला बोलणाऱ्याचीही गरज उरत नाही. मामी गप्प झाल्या तरी कुई चालूच होती, ती यामुळे.

मी विचारलं, "पण मग मामीचाच आवाज मोठा व्हायला पाहिजे. ही कुई कुठली?"

तो म्हणाला, माणसाच्या आवाजात जाड-बारीक पुष्कळ सूर असतात. खोली, बॉक्स आणि माईक यांच्यामुळे त्यातला एखादा सूर बाकीच्यांपेक्षा जास्त परत येतो, आणि फिरून येताना मागच्या सुराच्या पावलात पाऊल टाकून येतो. तो एकटा सगळ्यांच्या पुढे निघून जातो. आपल्याला तेवढाच ऐकू येतो. माईक दोन हात सरकवला की दुसराच सूर निघतो, कधी बारीक कुई, कधी घागरीत फुंकल्यासारखी हूंऽऽ.

आता माझी चूक. मामीचं तोंड माईकपासून फूटभर लांब होतं. ऐकू येत नाही म्हणून मी बटण वाढवलं. पण बटण वाढवलं की मामीचा आवाज वाढतो तसाच बॉक्समधून परत येणारा आवाजही वाढतो. दोन्ही एकाच दोरीला बांधलेले बैल आहेत. एकट्या माणसाचा आवाज वाढवायची साधी रीत एकच, तोंड जवळ आणणं. फुटावरून चार बोटांवर म्हणजे तीन इंचांवर आणलं, की माईकला तो आवाज चौपट लागतो. मग बटण तेवढंच खाली आणता येतं. लोकांना मामी पहिल्याएवढ्याच ऐकू येतात, पण परत येणारा हिस्सा चौथाई होतो. रुपयाला सव्वा रुपया परत येत होता असं धरलं, तर तो पाच आण्यांवर येतो. कुई बंद.

झाडीपट्टीतलं नाटक रात्रभर चालतं. तिथं माईक रंगमंचावर वरून टांगलेले असतात, नटाच्या तोंडापासून चांगले लांब. तरी ते चालतं, कारण नट छातीतून आवाज काढतो, भोंगे आणि बॉक्स पुढे प्रेक्षकांकडे तोंड करून असतात, आणि उघड्या मैदानात आवाज निघून जातो. मामीकडे यातलं काहीच नव्हतं. बारीक आवाज, समोर भिंत, वर टिन, आणि पाठीशी बॉक्स.

पुढच्या सभेच्या दिवशी तो पोरगा दुपारीच आला. समाजमंदिर चाळीस फूट लांब, वीस फूट रुंद. दोन्ही बॉक्स टेबलाला टेकून होते. त्यानं ते पुढे ओढून दोन्ही बाजूंच्या भिंतींजवळ नेले आणि बसलेल्यांच्या डोक्याच्या वर येतील असे उंच स्टुलांवर ठेवले. वायर अपुरी होती, ती जोडली. मग टेबलाजवळ, दोन्ही बॉक्सच्या रेषेच्या मागे, चुन्यानं एक गोल काढला. ज्याला बोलायचं त्यानं या गोलात यायचं. माईक लोकांमध्ये फिरवायचा नाही, कारण लोकांमध्ये नेणं म्हणजे बॉक्सच्या तोंडात नेणं.

"हा माईक समोरून ऐकतो, मागून जवळपास बहिरा आहे," तो म्हणाला. गोलात उभं राहून लोकांकडे तोंड केलं, की जाळी माणसाकडे आणि शेपूट बॉक्सकडे राहते. त्या दिवशी मामी बॉक्ससमोर होत्या, त्यामुळे जाळीच बॉक्सकडे होती. आणि जाळी मुठीत धरली की तिच्या मागच्या बाजूच्या फटी बंद होतात. मग माईक चारही बाजूंनी ऐकू लागतो. हात ठेवून कुई थांबत नाही, वाढते, ती यामुळे. कुई आली तर बटण खाली आणायचं, नाहीतर माईक बॉक्सपासून दूर न्यायचा. जाळी झाकायची नाही.

गोलामागच्या भिंतीवर मी ताडपत्री लावायला निघालो, तर त्यानं थांबवलं. ताडपत्री आवाज पीत नाही, फेकते. तिथं दोन जाड सतरंज्या टांगल्या. बॉक्स आणखी लांब नेऊ का, असं विचारलं, तर म्हणाला की मैदानात फायदा होतो, पण बंद खोलीत काही अंतरापुढे नाही. तिथं भिंतींवरून फिरलेला आवाज सगळीकडे सारखाच भरून राहतो.

मग रिकाम्या खोलीत त्यानं मला गोलात बोलायला लावलं आणि बटण हळूहळू वाढवलं. एका जागी माझ्या शब्दामागे शेपटी येऊ लागली, पितळेच्या भांड्यात बोलल्यासारखी. कुईच्या आधीची हीच खूण. तिथं त्यानं खडूनं रेघ मारली आणि बटण बरंच मागे आणलं. "या रेघेच्या जवळ जायचं नाही. माणसं भरली की त्यांची अंगं-कपडे आवाज पितात, तेव्हा आणखी सैल होईल." इकोचं बटण बंद केलं, कारण इको म्हणजे गेलेला आवाज मुद्दाम परत आणणं. टेबलावर पडलेला दुसरा माईकही बंद केला. उघडा माईक म्हणजे परतीच्या आवाजाला आणखी एक दार.

सभेत मामींना मी आधीच सांगून ठेवलं होतं, "मामी, चार बोटं. बोटं हनुवटीला लावून पाहा." त्या गोलात आल्या, खरंच चार बोटं लावून पाहिली. पोरं हसली, पण या वेळी मामीही हसल्या. मग बोलल्या. कोणते दिवस, किती पुडे बाजूला काढले, कोणत्या पोत्यात गेले, सगळं. आवाज तेवढाच बारीक होता, पण मागच्या दारात बसलेल्या म्हाताऱ्यानं मान हलवली. माझा हात बटणावर होता, पण मी ते फिरवलं नाही.

मागच्या सालचे पैसे काही मिळाले नाहीत. हिशोब बंद झाला होता. पण त्या हंगामापासून बाजूला काढलेला पुडा ज्याचा त्याला परत द्यायचा, असं ठरलं आणि कागदावर आलं.

चुन्याचा गोल पावसाळ्यात पुसला जातो. दर सभेच्या आधी मी तो पुन्हा काढतो.