लाईट जाणार, पण सांगून!

मैत्रिणींनो, आळेफाट्याला पुणे-नाशिक रस्त्यापासून थोडं आत आमची चार खोल्यांची जुनी चाळ आहे. भाडेकरू चांगले, भांडण फक्त पाण्यावरून! गेल्या हिवाळ्यात मात्र एक नवीनच तक्रार सुरू झाली. पहाटे एकीने गीझर लावला की दुसरीचा दिवा मंद व्हायचा, आणि बोर्डाला हात लावला तर तो कोमट लागायचा. एके दिवशी जळक्या रबराचा वास आला आणि माझ्या पोटात गोळाच आला. एक गीझर साधारण नऊ अँपिअर वीज ओढतो. आमच्या तारा होत्या दिवे-पंख्यांच्या काळातल्या, त्यांचा काय दोष!

वायरमनने सगळ्या तारा, मेन स्विच आणि अर्थिंग नवं करायचं ठरवलं. मी लगेच पाटी लिहिली : "गुरुवारी १० ते ५ लाईट बंद. सहकार्य करावे." मोठ्या ऐटीत ती जिन्याजवळ लावलीसुद्धा. वायरमन वाचून म्हणाला, "काकू, यात इन्व्हर्टर कुठंय?"

मला कळेना. लाईटच नाही, मग इन्व्हर्टरने काय होणार? तेव्हा त्याने समजावलं. खांबावरचा फ्यूज काढला तरी इन्व्हर्टर बॅटरीतून त्याच तारांमध्ये वीज सोडतो. मेन बंद आहे म्हणून निर्धास्तपणे तार कापायला बसलेल्याला तोच झटका बसतो. इन्व्हर्टर होता तिसऱ्या खोलीतल्या मास्तरांकडे, आणि मास्तर तर सकाळीच कुलूप लावून शाळेत जातात!

मग पाटी बाजूला ठेवून मी बुधवारी स्वतः घरोघर गेले. मास्तरांना म्हटलं, "भाऊ, निघताना इन्व्हर्टर बंद करा, त्याची पिनही काढा आणि किल्ली माझ्याकडे द्या." पहिल्या खोलीतल्या आजींचं इन्सुलिन शेजारच्या बंगल्यातल्या फ्रीजमध्ये ठेवलं. बंद दाराचा फ्रीज साधारण चार तासच गार राहतो, इथं तर सात तासांचा प्रश्न! सगळ्यांनी दूध सकाळीच तापवलं. मोटर चालणार नव्हती, म्हणून टाकी रात्रीच भरून घेतली. (तरी दुपारी एकीने धुणं काढलंच.)

तारा कापण्यापूर्वी वायरमनने प्रत्येक ठिकाणी टेस्टर लावून पाहिला. टीव्ही, मिक्सर, फ्रीज सगळ्यांच्या पिना काढायला लावल्या होत्या. नवं कनेक्शन थ्री फेजचं होतं. त्यात न्यूट्रलची तार सैल राहिली, तर काही घरांत दाब एकदम वाढतो आणि वस्तू जळतात. म्हणून आधी प्रत्येकीने फक्त एकच बल्ब लावायचा. तो नेहमीपेक्षा भगभगीत दिसला, तर मेन लगेच खाली!

पावणेसहाला लाईट आली. चारही खोल्यांतून एकामागून एक हाक आली, "काकू, बरोबर आहे!" मग मी मास्तरांची किल्ली द्यायला गेले.