कार्ड फॉरमॅट? जरा थांबा की राव!

सिंहस्थातल्या शाहीस्नानाचा फोटो हुकला, की पुढचा चान्स थेट बारा वर्षांनी! ‘महाराज, जरा परत डुबकी मारता का?’ असं विचारायची सोय नाही.

२९ ऑगस्ट २०१५ ला नाशिकच्या पहिल्या शाहीस्नानाच्या दिवशी माझा मामेभाऊ पहाटेपासून रामकुंडावर दोन कॅमेरे गळ्यात अडकवून उभा होता. घरी येऊन त्यानं पहिलं कार्ड लॅपटॉपवरच्या ‘कुंभ’ फोल्डरमध्ये कॉपी केलं. मग दुसरंही, त्याच फोल्डरमध्ये. मध्ये कॉम्प्युटरनं काहीतरी विचारलं, दादानं पेंगत ‘रिप्लेस’ दाबलं.

झोपायच्या आधी सवयीनं त्यानं आकडे बघितले. एका कार्डात ६१२ फोटो, दुसऱ्यात ५४०. म्हणजे फोल्डरमध्ये ११५२ हवेत. होते ८९९! दोन्ही कॅमेरे एकाच कंपनीचे, त्यामुळे फाइलची नावंही एकाच साच्यातली. DSC_0388 ते DSC_0640 हे नंबर दोन्ही कार्डांवर होते आणि दुसऱ्या कार्डानं पहिल्याचे तेवढे २५३ फोटो गिळले होते. फोल्डर उघडला तर सगळं झक्कास दिसत होतं, बरं का! कार्डं अजून पुसली नव्हती म्हणून निभावलं. तेव्हापासून दादाचं प्रत्येक कार्ड वेगळ्या फोल्डरमध्ये जातं.

पण आकडा जुळला म्हणजे झालं असंही नाही. फाइल अर्धवट खराब असली तरी छोटा थंबनेल छान दिसू शकतो, कारण तो बऱ्याचदा फाइलच्या सुरुवातीलाच वेगळा साठवलेला असतो. फोटो मोठा करून बघितला की कळतं, खालचा अर्धा भाग नुसता राखाडी! हजार फोटो असे कोण उघडून बघणार? हे काम कॉम्प्युटरलाच सांगायचं. विंडोजवर टेराकॉपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कॉपीनंतर व्हेरिफाय करायची सोय आहे. मॅकवर टर्मिनलमध्ये एक ओळ पुरते (कार्डाचं आणि फोल्डरचं नाव आपापलं टाका):

```
diff -rq /Volumes/CARD1/DCIM ~/Pictures/Kumbh/Card1
```

दोन्हीकडचा मजकूर सारखा असेल तर ही कमांड काहीच बोलत नाही. फरक असला की फाइलचं नाव सांगते. कॉपी एक्स्टर्नल हार्डडिस्कवर केली असेल, तर तपासणीआधी ती इजेक्ट करून पुन्हा जोडा. नाहीतर कॉम्प्युटर डिस्कवरून वाचण्याऐवजी मेमरीत राहिलेलीच प्रत वाचून ‘ओके’ म्हणू शकतो.

हे झालं, दुसऱ्या डिस्कवर आणखी एक कॉपी झाली, की मगच कार्ड फॉरमॅट करायचं, तेही कॅमेऱ्यातच. आणि घाई नडलीच तर? साध्या फॉरमॅटमध्ये बहुतेक वेळा फाइलींची यादीच पुसली जाते, फोटो नवे येईपर्यंत जागेवर असतात. अशा वेळी त्या कार्डावर एकही नवा क्लिक नको. कार्ड बाहेर काढा आणि आधी रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवून बघा.