चाळीस मिनिटांचा निबंध

मैत्रिणींनो, पंधरा वर्षं वॉर्डात काढलेली बाई पुन्हा निबंध लिहायला बसली, म्हणजे तुम्हाला हसू येईल. पण इंग्लंडमध्ये नर्स म्हणून नोंदणी व्हायची तर आयईएलटीएस परीक्षेत लेखनाला साडेसहा गुण लागतात, आणि मला पहिल्या खेपेला मिळाले सहा! फी तर गेलीच, वर सासूबाईंसमोर तोंड चुकवत फिरले.

लेखनाचा पेपर एक तासाचा. त्यातली चाळीस मिनिटं निबंधाला ठेवायची, कारण त्याला पहिल्या प्रश्नाच्या दुप्पट वजन. शब्द किमान २५०. मी घाईघाईने लिहीत सुटले. सुरुवातीला ‘सहमत आहे’, मध्ये दुसऱ्या बाजूचं कौतुक, आणि शेवटी ‘दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर’! विचारलं होतं, तुम्ही कितपत सहमत आहात? माझं मत काय, हे तपासणाऱ्याला कळणार कसं?

मग घरी सरावाला विषय घेतला : शाळकरी मुलांना घरकाम लावू नये, कितपत सहमत? पहिली सहा मिनिटं निबंधाला हातच लावायचा नाही, असं ठरवलं. कच्च्या कागदावर एकच वाक्य लिहिलं : ‘असहमत, मात्र परीक्षेच्या दिवसांत सूट द्यावी.’ हेच वाक्य प्रस्तावनेत आलं आणि शब्द बदलून शेवटीही.

मधले परिच्छेद दोन, साधारण नव्वद-नव्वद शब्दांचे. पूर्वी मी एका परिच्छेदात चार कारणं कोंबायची, एकही धड शिजायचं नाही. आता एकच : कामाने जबाबदारी अंगी येते. कशी? रोज स्वतःचा डबा स्वतः घासणारा मुलगा तो दप्तरातून आठवणीने बाहेर काढतो. झालं, कारण आणि उदाहरण दोन्ही आलं.

खरी गंमत दुसऱ्या परिच्छेदात. तिथे समोरच्याचं म्हणणं घ्यायचं : कामात अभ्यासाचा वेळ जातो. ते दोन वाक्यांत मान्य करायचं आणि लगेच उत्तर द्यायचं : पंधरा मिनिटं ताटं-वाट्या विसळल्याने अभ्यास बुडत नाही, परीक्षा असली की तेवढंही माफ. ‘समतोल’ म्हणजे निम्मं मत इकडे, निम्मं तिकडे असं मला वाटायचं, तिथेच फसले होते. समोरच्याचं ऐकायचं, पण आपली जागा सोडायची नाही.

लिहायला अठ्ठावीस-तीस मिनिटं पुरतात. उरलेल्या चार-पाचांत मी आधी पहिला आणि शेवटचा परिच्छेद लागोपाठ वाचते. दोन्हींत मत वेगळं दिसलं, तर मध्ये कुठेतरी पाय घसरलाय, हे नक्की. मग क्रियापदांच्या चुका.

दुसऱ्या खेपेला साडेसहा आले. सासूबाईंनी पेढा तोंडात टाकत विचारलं, “मग काय ठरलं गं, आपल्या बंड्याने भांडी घासायची का नाही?”

बंड्या तोवर सायकल घेऊन पसार झाला होता.